विकलेला विशाळगड

व्यवस्थापनाच्या कार्यशाळांत हल्ली गनिमी कावा शिकवतात. पडद्यावर अफझलखान, लाल महाल, आणि त्याखाली बाजारपेठ काबीज करण्याचे पाच मंत्र. त्यातून उरते ती निव्वळ युक्ती. पण ज्या लढाईत मोगल सत्ता खरोखर झिजली, तिच्यात चकवण्याला फारसा वावच नव्हता. मराठे काय करणार हे औरंगजेबाला पुरतं ठाऊक होतं; त्यावर उपाय मात्र त्याच्यापाशी नव्हता.

मलिक अंबरची भातवडी, पुरंदरच्या तहात दिलेले आणि १६७० पासून परत घेतलेले किल्ले, जिंजीचा लांबलेला वेढा हे सगळं वाचकांना माहीत आहे. चुकतं ते १७०० नंतरच्या वर्षांचं वाचन. सातारा, परळी, पन्हाळा, विशाळगड, सिंहगड, राजगड असे गड एकामागून एक पडत गेले. ही यादी पराभवांची धरायची आणि शेवटी मराठे तरले कसे, याचं उत्तर शौर्यावर सोडून द्यायचं, अशी आपली रीत.

विशाळगडच घ्या. १७०१ च्या अखेरीस बादशहा स्वतः वेढ्याला आला. सह्याद्रीच्या ऐन धारेवर वसलेला हा गड. तिथवर तोफा न्यायच्या तर आधी रस्ता तयार करावा लागे, आणि इतक्या माणसा-जनावरांचं धान्य बाहेरूनच यायचं. मराठ्यांचे घोडेस्वार मुख्य छावणीवर तुटून पडत नसत. ते बंजाऱ्यांचे धान्याचे तांडे अडवत आणि खजिना येणाऱ्या वाटा धरत. गडावर परशुराम त्रिंबक होते. त्यांनी गड झुंजवत पावसाळ्याच्या तोंडापर्यंत नेला आणि जून १७०२ मध्ये रोख दोन लाख रुपये घेऊन खाली केला.

याला फितुरी म्हणणाऱ्यांनी पुढचा महिना पाहावा. विशाळगड ते पन्हाळा हे अंतर जेमतेम पन्नास किलोमीटर. भर पावसात फुगलेले ओढे आणि चिखल तुडवत ते कापायला मोगल फौजेला महिन्याहून जास्त लागला. वाटेत सामान गेलं, जनावरं मेली, माणसं वाहून गेली. बादशहाला गड मिळाला, पण त्यात शिबंदी ठेवून तिला रसद पुरवण्याचा भारही त्याच्याच गळ्यात पडला. फौज पुढच्या गडाकडे वळली की मागचा परत घेता येई. १७०७ मध्ये औरंगजेब वारला, तोवर यातले बरेच गड मराठ्यांकडे आले होते.

गड राखणं हा हेतू असता तर हे सौदे लाजिरवाणे ठरले असते. इथे गड मोसम खाण्यासाठी होता. अर्थात याची किंमत रयतेने मोजली. दोन्ही फौजांची जनावरं तिच्याच शेतात चरत होती, आणि चौथाईची मागणी तिला चुकली नाही. कार्यशाळेत हे कुणी सांगत नाही.

हे गणित बाहेरच्या घोडदळावर उभं होतं. १८१८ च्या मे महिन्यात इंग्रजांनी रायगडावर उखळी तोफांचे गोळे टाकले, तेव्हा दुसरा बाजीराव दूर पळत होता आणि वेढ्याची रसद तोडायला कुणी नव्हतं. कडे तेच होते, पण पावसाळा लागण्याआधीच गड गेला.