ओळख न सांगता

भाचीचं नॉन-क्रीमीलेयर प्रमाणपत्र मिळण्याची मुदत उलटली, तेव्हा मला सगळ्यात आधी आठवला तो माझा एक जुना विद्यार्थी. तो महसूल खात्यात आहे, आमच्याच जिल्ह्यात. फोन केला असता तर "सर, बघतो" म्हणाला असता आणि बहुधा काम झालंही असतं. अर्जाची पावती शोधावी, पोर्टलवर स्थिती पाहावी, हे नंतर सुचलं. आधी ओळख आठवली. आणि ती आठवली तेव्हा मला त्यात काही वावगं वाटलं नाही. आयुष्यभर वर्गात समान संधीवर बोललेल्या माणसाच्या मनात हे इतक्या सहज का यावं, याचं उत्तर मला स्वतःपाशी द्यायचं होतं. म्हणून फोन बाजूला ठेवला.

मे-जूनमध्ये प्रांत कार्यालयात काय चालतं ते ठाऊक असलेल्याला हे उत्तर टाळता येत नाही. बारावीचे निकाल आणि प्रवेशाच्या तारखा एकाच सुमारास येतात. सगळ्या तालुक्यांतून जातीचे दाखले आणि नॉन-क्रीमीलेयरचे अर्ज येऊन साठतात. प्रत्येक अर्ज आधी कारकुनाच्या लॉगिनवर उघडतो. तो कागदपत्रं पाहतो, पुढे पाठवतो. तपासणी होत होत अर्ज उपविभागीय अधिकाऱ्यांच्या डिजिटल सहीपर्यंत पोचतो. दिवसाचे तास ठरलेले, माणसं मोजकी. माझ्या फोनमुळे एक अर्ज वर आला, तर दुसरा कुणाचा तरी तेवढाच खाली जाणार. तो कुणाचा, हे मला कधीच कळणार नाही. ओळखीचं काम मनाला टोचत नाही ते याचमुळे. ज्याचं नुकसान होतं त्याचा चेहरा आपल्यासमोर येत नाही.

मग दुसरा विचार आला, तो जरा सभ्य वेषातला होता. फोन नको, पत्र लिहू. पण माझ्या नावाने, खाली "निवृत्त प्राचार्य" असं लिहून. स्वतःला समजावलं की यात खोटं काहीच नाही. खोटं नव्हतंच. पण अर्ज दाजींच्या नावाचा. त्यांचं कपडे शिवायचं छोटं दुकान आहे. त्या पत्रात माझ्या पदाचं काम काय? मजकुरात त्याने कशाचीच भर पडत नव्हती, फक्त वाचणाऱ्यावर वजन पडत होतं. तिथे मी स्वतःला एक कसोटी घालून घेतली: काउंटरवर दाजींच्या मागे उभ्या असलेल्या, कुणाशीही ओळख नसलेल्या बाईला हेच पत्र फक्त नाव आणि क्रमांक बदलून देता येईल का? जे वाक्य तिला वापरता येणार नाही, ते आपल्या पत्रातही नको.

अर्ज क्रमांकाचं मोल मला इथे उमगलं. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम 2015 मध्ये आला. त्या कायद्यानुसार अर्जाची पोच देताना स्वतंत्र अर्ज क्रमांक आणि काम पूर्ण करण्याची मुदत कळवावी लागते. नॉन-क्रीमीलेयरसाठी ही मुदत 21 दिवसांची आहे. नाव सांगून चौकशी केली तर कारकुनाला एकाच आडनावाचे कितीतरी अर्ज दिसतात. क्रमांक सांगितला की नेमका तोच अर्ज उघडतो. त्या क्रमांकाला आडनाव नसतं, हुद्दा नसतो, तो कुणाचा भाचा किंवा मेहुणा नसतो. म्हणून तो विषयाच्या ओळीतच आणि पूर्ण लिहावा. एक आकडा चुकला तरी समोरच्याला अर्ज सापडत नाही, आणि मग "नोंद नाही" या उत्तराला आपणच वाट करून देतो.

पत्र लिहिण्याआधी पोर्टलवर एक गोष्ट पाहणं न्यायाचं होतं: अर्ज थांबलाय तो कुणाकडे? मुदत मोजली जाते ती कागदपत्रांसह पूर्ण अर्ज मिळाल्यापासून. त्रुटी काढून अर्ज परत पाठवलेला असेल, तर कार्यालयाला दिरंगाईचा दोष देणं अन्याय होईल. पुष्कळदा असं होतं की सेवा केंद्रावर अर्ज भरताना चालकाचाच मोबाइल क्रमांक टाकला जातो. त्रुटीचा संदेश त्याच्याकडे जातो, तो गर्दीत विसरतो, आणि अर्जदार कार्यालयाच्या नावाने बोटं मोडत बसतो. आमच्या अर्जावर परत पाठवल्याची नोंद नव्हती, छाननी चालू असल्याचं दिसत होतं. तेव्हा विचारण्याचा हक्क होता.

दाजींच्या नावाने लिहिलेलं पत्र शेवटी एवढंच उरलं. विषयात प्रमाणपत्राचं नाव आणि अर्ज क्रमांक. खाली मजकूर असा: "वरील क्रमांकाचा अर्ज सेवा केंद्रातून दाखल केला असून पावतीची प्रत सोबत जोडली आहे. पावतीवरील मुदत संपली आहे. पोर्टलवर आज अर्ज छाननीत असल्याचे दिसते. काही त्रुटी असल्यास कृपया कळवावी, तिची लगेच पूर्तता करू. त्रुटी नसल्यास प्रमाणपत्र केव्हा मिळू शकेल ते कळवावे, ही विनंती." दाखल केल्याची, मुदत संपल्याची आणि प्रमाणपत्र सादर करण्याची शेवटची तारीख त्यात होती, आणि दाजींचा स्वतःचा मोबाइल क्रमांकही.

या मजकुरावर माझी झटापट झाली ती काय घालावं यापेक्षा काय काढावं यावरून. पहिल्या खर्ड्यात "तसदीबद्दल क्षमस्व" होतं. ते काढलं, कारण दाजींनी क्षमा मागण्यासारखं काही केलं नव्हतं आणि नम्रतेसाठीही खोटं लिहू नये. "मुलीचं वर्ष वाया जाईल" हेही होतं. प्रवेश प्रक्रियेत काही वेळा अर्जाच्या पावतीवर नोंदणी करू देतात आणि प्रमाणपत्र ठरलेल्या तारखेपर्यंत मागतात. ते न दिल्यास उमेदवार खुल्या प्रवर्गात धरला जातो. म्हणजे नुकसान खरं आहे, पण ते त्या तारखेला होतं. म्हणून रडकं वाक्य काढून तिथे प्रमाणपत्र सादर करण्याची शेवटची तारीख लिहिली. कायद्यात पदनिर्देशित अधिकाऱ्याला 500 ते 5000 रुपये दंडाची तरतूद आहे. तिचा उल्लेखही पहिल्या पत्रात नको असं ठरवलं. विचारण्याआधीच धमकावणं म्हणजे समोरचा अप्रामाणिक आहे असं गृहीत धरणं, आणि तसं समजायला माझ्याकडे पुरावा नव्हता. मुदत संपल्याचं वाक्य मात्र ठेवलं. ते गाळणं हा सभ्यपणा नव्हता, ते भिणं झालं असतं.

पत्र दाजींनी स्वतः बारनिशीत दिलं आणि दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोचेचा शिक्का घेतला. त्यांना कार्यालयातून फोन आला: एका वर्षाच्या उत्पन्नाचा कागद अस्पष्ट स्कॅन झाला होता. सलग तीन वर्षांचं उत्पन्न पाहावं लागतं, त्यामुळे एक कागद वाचता येत नसेल तर अर्ज पुढे सरकत नाही. त्यांनी तो पुन्हा दिला आणि प्रमाणपत्र मिळालं. माझ्या विद्यार्थ्याला यातलं काही माहीत नाही.

ओळखीने हेच काम आणखी लवकर झालं असतं का? कदाचित. तरी माझा निवाडा स्पष्ट आहे: तो फोन चूक ठरला असता, काम झालं असतं तरीही.

तुमचा अर्ज अडकला असेल तर असं पत्र जरूर द्या, पण त्याच्या उत्तराच्या भरवशावर बसून राहू नका. मुदत संपल्यापासून 30 दिवसांत पहिलं अपील करता येतं. ते करण्यात उद्धटपणा काहीच नाही, आणि ते दिवस सौजन्याने वाट पाहण्यात घालवू नका.