राजा निसटतो तेव्हा

फुलसावंगीला ओसरीवर पुतण्याशी बुद्धिबळाचा डाव शेवटाला आला होता. त्याच्याकडे राजा, उंट आणि घोडा. माझ्याकडे एकटा राजा. त्याने मला कोपऱ्यात रेटलं, पण मात काही होईना. मी त्याला उंट कोणत्या घरात आहे ते बघायला सांगितलं. उंट पांढऱ्या घरांचा आणि माझा राजा काळ्या कोपऱ्यात. तो उंट त्या घराला कधीच शह देऊ शकत नाही. तिथे मी स्वतःहून चुकलो तरच मात होईल. म्हणजे राजाला कडेकडेने पलीकडच्या पांढऱ्या कोपऱ्यापर्यंत न्यायला हवं.

हे ऐकायला सोपं आहे. पण २०१३ साली जिनिव्हाच्या महिला ग्रँड प्रिक्समध्ये त्यावेळची जगज्जेती आन्ना उशेनिना हीच मात करू शकली नाही. ओल्गा गिर्याविरुद्ध पन्नास चाली संपल्या आणि डाव बरोबरीत सुटला. मोहरं मारलं नाही आणि प्यादं हललं नाही, तर पन्नास चालींनंतर बरोबरी मागता येते. बिनचूक खेळलं तर जास्तीत जास्त ३३ चालींत मात होते, म्हणजे सवड आहे, पण घोळ घालण्याइतकी नाही.

घोळ नेमका कुठे होतो, ते आमच्या डावात दिसलं. पांढरा राजा एफ६, घोडा एफ७ आणि उंट एच७ वर. उंटाने जी८ रोखल्यामुळे माझा राजा ई८ वर आलेला. आता घोडा ई५ वर न्यायचा. मी डी८ ला गेलो, त्याने राजा ई६ वर आणला आणि मी सी७ वर, कड सोडून.

"काका, राजा तं पळून चालला!" तो घाबरून म्हणाला आणि शह द्यायला निघाला. मी त्याचा हात थांबवला. इथे शह द्यायचा नसतो, वाट अडवायची असते. घोडा डी७ वर ठेव, म्हटलं. त्या एका घरातून तो बी६ आणि सी५ दोन्ही रोखतो. मी बी७ ला गेलो, तेव्हा त्याने उंट डी३ ला आणला आणि ए६ बंद केलं. मी सी६ वर आलो, उंट ए६ वर गेला. आता माझ्याकडे एकच घर उरलं, सी७. मोकळ्या पटावर चालून आलेला राजा आल्यापावली परत.

तो बराच वेळ पटाकडे बघत राहिला. मग एकेक घर बोटाने मोजलं: हे घोड्याचं, हे उंटाचं, हे राजाचं.

पुढे उंट बी५ वर आला, घोडा बी६, डी५ करत बी४ ला पोचला. त्याचा राजा सी७ वर आला, माझा ए८ वर. उंटाने बी७ वरून शह दिला, मी ए७ वर सरकलो, आणि घोडा सी६ वर बसला. मात.

त्याने मोहरी गोळा केली आणि पट पुन्हा मांडला, या वेळी एकटा राजा स्वतःकडे घेऊन.