नकार किती जणांनी दिला?

समजा, भिवंडीच्या यंत्रमाग कामगारांच्या फुप्फुसांवरचा एक शोधनिबंध परीक्षणासाठी आला आहे. तीनशे कामगारांना नळीत जोरात फुंकायला लावून श्वासाची मोजणी केली आहे. अभ्यासपद्धतीच्या शेवटी ते ठरलेलं वाक्य आहे: संस्थेच्या नैतिकता समितीची मान्यता घेतली होती, सहभागींनी लेखी संमती दिली. संख्याशास्त्रातली चूक शोधायला अख्खी संध्याकाळ घालवणारे परीक्षक या वाक्यापाशी क्षणभरही थांबत नाहीत. मीही बरीच वर्षं त्यांच्यातलाच होतो.

पहिलं काम सोपं आहे. मान्यतापत्राची तारीख आणि पहिल्या कामगाराच्या नोंदणीची तारीख शेजारी शेजारी ठेवायची. नोंदणी मार्चची आणि मान्यता जुलैची असेल, तर समितीने अभ्यास तपासला नाही, झालेल्या गोष्टीवर शिक्का मारला. मग मान्यता नेमकी कशाला होती, ते पाहायचं. पत्रात प्रश्नावली आणि श्वासाची मोजणी एवढंच आहे, पण निबंधातल्या तक्त्यात रक्तातले घटक दिसतात. मग सुई टोचायला परवानगी कोणी दिली? बदललेल्या आराखड्याला समितीची वेगळी मान्यता लागते आणि ती मागून घेण्यात परीक्षकाने संकोच करू नये.

संमतीचं प्रकरण याहून अवघड. भिवंडीत संशोधक कारखान्यात शिरतो तो मालकाला विचारून. मालक मुकादमाला सांगतो आणि मुकादम माग थांबवून एकेकाला पुढे पाठवतो. मालकाने दिली ती आत येण्याची परवानगी; कामगाराची संमती ती नव्हे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची 2017 ची मार्गदर्शक तत्त्वंही हा फरक करतात. म्हणून विचारावं: संमती घेताना मुकादम समोर उभा होता का? कोणाचं फुप्फुस अधू आहे हे मालकाला कळणार होतं का? कळणार असेल, तर सही करणाऱ्याने स्वतःची रोजीच पणाला लावली. मजुरी विणलेल्या कापडावर मिळते. मग माग बंद राहिला त्या अर्ध्या तासाचं काय? माहितीपत्रक मराठीत होतं की उत्तर प्रदेशातून आलेल्या माणसाला कळेल अशा हिंदी-उर्दूत? वाचता न येणाऱ्याच्या अंगठ्याशेजारी अभ्यासाशी संबंध नसलेल्या साक्षीदाराची सही लागते. संशोधकाच्याच मदतनिसाची सही तिथे चालत नाही.

पण कागद सगळे जागेवर असूनही प्रश्न उरतो, हे महाराष्ट्राने तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात पाहिलं आहे. गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरचा तो मोठा अभ्यास 1999 मध्ये सुरू झाला. टाटा मेमोरियल, बार्शीचं नर्गिस दत्त रुग्णालय आणि आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था त्यात होत्या. 30 ते 59 वयाच्या 1,31,746 स्त्रिया, गावांचे 52 समूह, चार गट. तीन गटांना वेगवेगळ्या तपासण्या मिळाल्या, चौथ्याला नेहमीचीच सेवा. म्हणजे व्यवहारात तपासणी नाहीच. 2009 मध्ये निष्कर्ष छापून आले तेव्हा एचपीव्ही विषाणूची तपासणी झालेल्या गटात या कर्करोगाने 34 मृत्यू होते, चौथ्या गटात 64.

अमेरिकी पॅथॉलॉजिस्ट एरिक सुबा यांनी या आणि अशाच इतर भारतीय चाचण्यांवर कडक आक्षेप घेतला: पॅप तपासणी उपयोगी आहे हे जगाला माहीत असताना हा गट तपासणीविना का ठेवला? संशोधकांचं उत्तर असं की देशात संघटित तपासणी नव्हतीच. तपासणीसाठी कुठे जावं हेही या स्त्रियांना सांगितलं होतं. हे उत्तर पोकळ नाही. खेड्यात प्रयोगशाळाच नसेल तर पॅपची हमी कोण देणार? तरीही परीक्षकाच्या खुर्चीत बसून मी माहितीपत्रकाची ओळन् ओळ मागितली असती. असा आजार लवकर सापडतो, तपासणी अमुक ठिकाणी होते आणि या गटात ती तुम्हाला आमच्याकडून मिळणार नाही: ही तीन वाक्यं तिथे, त्या बाईच्या भाषेत, आहेत की नाहीत? 'स्थानिक रुग्णालयात जा' असं सांगितलं, पण रुग्णालयात ती सोय नसेल, तर ती माहिती कागदावरच राहते.

परीक्षक घटनास्थळी नसतो. त्याने लेखकावर आरोप करू नये. शंका दाट असेल तर ती संपादकाकडे न्यावी, चौकशी संस्थेचं काम आहे. पण संख्या मात्र त्याच्या हातात असतात. भिवंडीच्या त्या निबंधात तीनशेंपैकी तीनशे जणांची संमती आहे. घाईची पाळी, अनोळखी माणूस, इंग्रजी अक्षरांचं यंत्र, आणि एकानेही 'नको' म्हटलं नाही? टिपणात मी पहिला प्रश्न तोच लिहिला असता: किती जणांना विचारलं, किती जणांनी नकार दिला आणि नकार देणारा त्याच पाळीत आपल्या मागावर परत गेला का?