पहिला नकार हा शेवटचा शब्द नव्हे

वरंधा घाटाच्या वर, भोर-वेल्ह्याच्या बाजूला, मुस्लिम घरे बहुतांशी दखनी आणि हनफी; घाट उतरून महाडकडे गेले की कोकणी आणि शाफई. दीन एक, किबला एक. तरीही पालीसारख्या गावातल्या मुलाने खालच्या कोकणी घरातील मुलीचे नाव घरी काढायचे म्हटले, की त्याची जीभ अडखळते. निराळ्या धर्मातील विवाहाचा प्रश्न वेगळा आहे. येथे विचार करायचा आहे तो एकाच दीनमधील निराळ्या जमातीचा.

या भीतीत दोन गोष्टी मिसळलेल्या असतात. आईवडील दुखावतील ही भीती अदबीतून येते आणि ती जपावी. लोक काय म्हणतील, ही भीती मात्र कुळाच्या अभिमानातून येते. बोलण्यापूर्वी या दोन्ही वेगळ्या करून पाहाव्यात.

हजरत फातिमा बिन्त कैस (रजि.) कुरैश घराण्यातील. इद्दत संपल्यावर त्यांना दोन कुरैशी स्थळे आली. त्यांनी पैगंबरांचा (स.) सल्ला घेतला, तेव्हा पैगंबरांनी तिसरेच नाव सुचवले: उसामा बिन जैद (रजि.), एका मुक्त केलेल्या गुलामाचे पुत्र. फातिमांना ते प्रथम रुचले नाही. पैगंबरांनी पुन्हा तेच सुचवल्यावर त्यांनी निकाह केला, आणि त्यात अल्लाहने भलाई ठेवली, असे त्यांनीच पुढे सांगितले. मनाचा पहिला नकार हा विचाराचा शेवट नसतो. जे फातिमांच्या मनाचे, तेच आईवडिलांच्या मनाचेही.

पण या उसामांच्या वडिलांचा, हजरत जैद (रजि.) यांचा, पैगंबरांच्या आतेबहिणीशी, हजरत जैनब (रजि.) यांच्याशी झालेला विवाह टिकला नाही, हेही विसरू नये. म्हणून ‘दोन घरांच्या रीती जुळतील का?’ हा आईवडिलांचा प्रश्न केवळ अहंकार समजून झिडकारता येत नाही. त्याला उत्तर तयार हवे: मुलीचा दीन आणि स्वभाव कसा, उपजीविका काय, बोली आणि चालीरीतींतले अंतर दोघे कसे सांभाळणार.

हे प्रथम आईला एकांतात सांगावे. मग वडील ज्यांचा शब्द मानतात अशा मामा-चुलत्याला सोबत घेऊन वडिलांना. बाहेरच्या तोंडून कळले तर नकार स्थळाला राहत नाही, लपवाछपवीला होतो. पहिल्या बैठकीत होकार मागू नये. मशवरा मागावा आणि वेळ द्यावा. वडील गप्प राहिले तर ते विचार करीत आहेत असे मानावे. ते कुळापलीकडे दुसरे कारणच सांगत नसतील, तर ज्येष्ठांना पुन्हा मध्ये घालावे.

मुलीच्या बाबतीत मस्लकही पाहावा लागतो. शाफई मतानुसार तिच्या निकाहला वली आवश्यक आहे. हनफी मतात सज्ञान मुलीची स्वतःची संमती निर्णायक असली, तरी स्थळ बरोबरीचे नसल्यास वलीला हरकत घेता येते. म्हणजे वडिलांना वगळून काढलेली वाट दोन्हीकडे अडचणीची; आणि प्रौढ मुलीच्या इच्छेविरुद्ध तिचा निकाह लावणे पैगंबरांच्या शिकवणीला धरून नाही.