दिवसाला दोनच संदेश

सिद्धान्ताच्या सेमिनारमध्ये एक पेपर हमखास येतो: ऑनलाइन चर्चेची ठिकाणं सार्वजनिक अवकाशाच्या अटी पूर्ण करतात का? मांडणीही बहुतेक वेळा ठरलेली असते. युर्गन हाबरमास यांच्या अटी एकाखाली एक लिहायच्या, प्रत्येकीपुढे बरोबरची खूण किंवा फुली करायची आणि शेवटी ‘काही अंशी’ असं उत्तर द्यायचं. हे उत्तर मला पटत नाही. त्या अटी कशातून निघाल्या आणि पुढे त्यांचं काय झालं, हे त्यात कुठेच येत नाही आणि तिथेच खरं उत्तर दडलेलं आहे.

हाबरमास यांचं मूळ जर्मन पुस्तक १९६२चं. त्यांच्यासमोर अठराव्या शतकातली लंडनची कॉफीहाउसं होती. एक पेनी देऊन आत जायचं, ‘टॅटलर’ किंवा ‘स्पेक्टेटर’चा अंक वाचायचा आणि शेजारी बसलेल्या अनोळखी माणसाशी त्यावर वाद घालायचा. या दृश्यातून त्यांनी तीन गोष्टी वेगळ्या काढल्या. बोलणाऱ्याचा हुद्दा बाजूला ठेवला जातो आणि त्याच्या युक्तिवादाचं वजन पाहिलं जातं. आजवर दरबार आणि चर्च यांच्याच अखत्यारीत असलेल्या विषयांवर साधा नागरिकही बोलू लागतो. आणि तत्त्वतः दार कुणालाच बंद नसतं. पण पुस्तकाचा दुसरा अर्धा भाग या अवकाशाच्या ऱ्हासाचा आहे. वर्तमानपत्रं मोठे उद्योग झाले, जाहिरात आणि जनसंपर्क यांनी मतं घडवायला सुरुवात केली आणि वाद घालणारे नागरिक ग्राहक होऊन बसले. सेमिनारच्या पेपरांत पहिला अर्धा भाग येतो, दुसरा सहसा येत नाही. ऑनलाइन चर्चेविषयी जास्त बोलणारा भाग मात्र दुसराच आहे.

या पुस्तकाचं इंग्रजी भाषांतर १९८९ साली आलं. टिम बर्नर्स-ली यांनी वर्ल्ड वाइड वेबचा पहिला प्रस्ताव मांडला तो त्याच वर्षी. इंग्रजी वाचणाऱ्या अभ्यासकांच्या हाती ही कल्पना आणि हे माध्यम जवळजवळ एकाच वेळी पडलं आणि एकाला दुसऱ्याचं माप लावण्याचा मोह तेव्हापासूनचा आहे.

पण माप हाती आलं तेव्हाच त्यावर मोठा आक्षेपही आला. १९९०मध्ये नॅन्सी फ्रेझर यांनी दाखवलं की ‘हुद्दा बाजूला ठेवू’ असं म्हटल्याने विषमता जात नाही, ती फक्त दिसेनाशी होते. कॉफीहाउसात स्त्रिया जवळपास नव्हत्याच. ज्यांना मुख्य चर्चेत जागा नाही ते आपली वेगळी व्यासपीठं उभारतात, तिथे आपली भाषा घडवतात आणि मग मुख्य चर्चेला भिडतात. फ्रेझर यांनी त्यांना प्रति-अवकाश म्हटलं. मराठी वाचकाला हे समजायला अमेरिकेपर्यंत जावं लागत नाही. ३१ जानेवारी १९२० रोजी बाबासाहेब आंबेडकरांनी ‘मूकनायक’ काढला, तेव्हा पैसे देऊनही त्याची जाहिरात छापायला ‘केसरी’ने नकार दिला होता. ‘दार तत्त्वतः सर्वांना उघडं’ या अटीचा इतका रोकडा पंचनामा क्वचितच सापडेल.

आता प्रत्यक्ष ऑनलाइन चर्चेकडे येऊ. यासाठी माझ्या मते सर्वांत उपयोगी उदाहरण अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्याचं आहे. तिथे १९९४मध्ये स्टीव्हन क्लिफ्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मिनेसोटा ई-डेमोक्रसी सुरू केली. राज्याच्या निवडणुकीतल्या उमेदवारांची ई-मेलवरून चर्चा घडवून आणली आणि नागरिकांचा राज्याच्या राजकारणाला वाहिलेला चर्चागट चालू ठेवला. संस्था ना-नफा, काम स्वयंसेवकांचं. न्यूझीलंडचे अभ्यासक लिंकन डालबर्ग यांनी २००१मध्ये याच गटावर हाबरमास यांच्या नंतरच्या लेखनातून काढलेल्या सहा अटी लावून पाहिल्या: सत्ता आणि पैसा यांपासून स्वायत्तता, कारणं देऊन केलेला वाद, स्वतःच्या भूमिकेची फेरतपासणी, दुसऱ्याच्या जागी जाऊन विचार, प्रामाणिकपणा, आणि सर्वांना समान प्रवेश व समान वाव.

या गटात एका माणसाला दिवसाला दोनच संदेश पाठवता येत. प्रत्येक संदेशाखाली खरं नाव आणि गाव लिहावं लागे. विषय मिनेसोटापुरता ठेवायचा. नियम मोडणाऱ्याला गटाचा व्यवस्थापक ताकीद देई. यातला दोन संदेशांचा नियम नीट पाहण्यासारखा आहे. सकाळी एका संदेशात कुणाला तरी तडकाफडकी उत्तर देऊन टाकलं की दिवसभरासाठी एकच उरतो. मग समोरच्याने डिवचलं तरी माणूस थांबतो, पूर्ण वाचतो आणि उरलेला संदेश कशावर खर्च करायचा ते ठरवतो. शिवाय दोघांचीच जुगलबंदी रंगून बाकीचे गप्प बसण्याची शक्यता कमी होते. म्हणजे फेरतपासणी आणि समान वाव या दोन्ही अटींना एका साध्या मर्यादेने हातभार लागला. तंत्रज्ञान तेच होतं, जे तेव्हा इतर गटांत शिवीगाळीला कामी येत होतं. फरक नियमांनी केला.

तरीही दोन अडचणी उरल्या. एक म्हणजे बोलणारे मुख्यतः पुरुष होते. नियम लिहिणाऱ्यांना वाव समान करता आला, पण संगणक, फुरसत आणि राजकारणावर लिहिण्याची सवय ज्यांच्याकडे होती तेच आले. फ्रेझर यांचा आक्षेप इथे जसाच्या तसा लागू होतो. दुसरी अडचण अभ्यासकाची आहे. माणसाचं मत बदललं का, हे संदेशांवरून कळत नाही. ‘तुमचं पटलं’ असं जाहीरपणे लिहिणारे थोडेच. वाचून मनात बदलणारे लिहीत नाहीत आणि नुसते वाचणारे तर नोंदीत दिसतच नाहीत. तेव्हा केवळ संदेश मोजून ‘इथे फेरतपासणी होत नाही’ असा निष्कर्ष काढणारा पेपर वाचला की मी पहिला प्रश्न विचारते तो सहभागींशी बोललात का, हा.

हाबरमास स्वतः या माध्यमाकडे उशिरा वळले आणि सावधपणे. २००६मध्ये त्यांनी म्हटलं की हुकूमशाहीत इंटरनेट सेन्सॉरशिपला खिंडार पाडतं, पण उदारमतवादी देशांत ते वाचकवर्गाचे असंख्य सुटे तुकडे करतं. २०२२च्या पुस्तकात त्यांनी पुढचं पाऊल टाकलं. छपाईने सगळ्यांना संभाव्य वाचक केलं, पण सगळे प्रत्यक्ष वाचायला शिकेपर्यंत शतकं गेली. डिजिटल माध्यमाने सगळ्यांना संभाव्य लेखक केलं आहे आणि ते शिकायला किती काळ लागेल ते ठाऊक नाही. हा मुद्दा मोलाचा आहे, तरी मला तो अर्धाच वाटतो. लोक लिहायला शिकतीलही. पण ज्या व्यासपीठाचं उत्पन्न माणसाला अधिकाधिक वेळ खिळवून ठेवण्यावर अवलंबून आहे, ते दिवसाला दोन संदेशांचा नियम कशाला करेल? तो नियम त्याच्या धंद्याच्या मुळावर येतो. १९६२च्या पुस्तकाच्या दुसऱ्या अर्ध्यात वर्तमानपत्रांचं जे झालं, तेच इथे पुन्हा घडलं आहे.

म्हणून ‘इंटरनेट सार्वजनिक अवकाश आहे का’ या प्रश्नाला उत्तर नाही, कारण इंटरनेट नावाचं एक ठिकाण नाही. मिनेसोटाचा गट बऱ्याच अटींना उतरला, प्रवेशाच्या अटीला उतरला नाही. मोठी व्यापारी व्यासपीठं प्रवेशाच्या अटीच्या सर्वांत जवळ आली आणि स्वायत्ततेला साफ नापास झाली. या विषयावर पेपर लिहायला घेतला असेल, तर अटींची यादी थोडी मागे ठेवा. एक ठिकाण निवडा, त्याचे नियम मिळवून वाचा, ते चालवायला पैसा कोण देतं ते शोधा आणि तिथे कोण बोलत नाही त्याची नोंद करा. मग अटी लावा.