निमंत्रणातलं शेवटचं वाक्य

चित्रप्रदर्शनाची निमंत्रणं आपल्याकडे वर्षानुवर्षं एकाच साच्यात येतात. वर उद्घाटकांचं नाव, मग प्रमुख पाहुणे, मग 'विशेष उपस्थिती', आणि तळाशी बारीक अक्षरात चित्रकार. चित्रं विकायची आहेत, हे मात्र बहुतेक वेळा कुठेच नसतं. ते लिहिणं कमीपणाचं वाटतं, आणि नेमकी हीच समजूत चित्रकाराच्या मुळावर येते असं माझं ठाम मत आहे.

मुंबईच्या जहांगीर कलादालनाचंच उदाहरण घेऊ. 1952 साली सुरू झालेल्या या दालनात प्रदर्शन साधारणपणे मंगळवार ते सोमवार असं आठवडाभर चालतं. रोजची वेळ सकाळी 11 ते संध्याकाळी 7, प्रवेश विनामूल्य. समजा, एका चित्रकाराने उरणच्या मिठागरांची जलरंगातली चित्रं तिथे लावली आहेत. निमंत्रणात फक्त 'मंगळवारी सायंकाळी 5 वाजता' एवढंच छापलं, तर वाचणाऱ्याला वाटतं की कार्यक्रम त्या संध्याकाळीच संपला. नोकरदार माणूस मंगळवारी पाच वाजता काळा घोड्याला पोहोचूच शकत नाही. तो शनिवारी आला असता, पण शनिवारी दालन उघडं आहे हे त्याला कोणी सांगितलेलंच नसतं. म्हणून उद्घाटनाची वेळ आणि पाहण्याचे दिवस या दोन ओळी वेगळ्या हव्यात. शेवटच्या दिवशी संध्याकाळी चित्रं उतरवायची घाई असते, तेव्हा 'सोमवारी शक्यतो दुपारपर्यंत यावे' हेही लिहावं.

पाहुण्यांच्या बाबतीत नावाइतकंच कारणही सांगायला हवं. मिठागरात हयात घालवलेल्या एखाद्या आगरी कामगाराच्या हस्ते हे प्रदर्शन उघडलं, आणि 'ज्यांच्या आगरात ही चित्रं काढली' एवढी ओळ त्याच्या नावापुढे आली, तर वाचणारा थबकतो. नुसत्या पदव्यांची रांग पाहून कोणी थबकत नाही. पदाधिकारी पाहुणे उशिरा येतात, भाषण करतात, फोटो काढून निघून जातात. त्या गर्दीत भिंतीकडे पाठ करून उभं राहावं लागतं आणि चित्रं पाहायची राहूनच जातात.

पाहुणा कसा असावा, याचा दाखला मुंबईतच आहे. होमी भाभा प्रदर्शनांना जात, आणि टाटा मूलभूत संशोधन संस्थेसाठी चित्रं निवडून विकत घेत. संस्थेच्या भिंतींवरचा हुसेन, गायतोंडे, आरा यांच्या पिढीचा संग्रह अशा खरेदीतून उभा राहिला. हे चित्रकार तेव्हा आजच्याइतके मोठे झालेले नव्हते. भाभांनी चित्रांना पैसे मोजले म्हणून त्या कलेची प्रतिष्ठा घटली, असं आज कोणी म्हणेल का?

आता विक्रीचा उल्लेख. दालनाचं भाडं, माउंट आणि काचेसह फ्रेमा, टेम्पो, छपाई हा सगळा खर्च चित्रकार एकही चित्र विकलं जाण्याआधी करून बसलेला असतो. तरी निमंत्रणात तो गप्प राहतो, किंवा 'किमतीसाठी चित्रकाराशी संपर्क साधावा' असं लिहितो. या दुसऱ्या वाक्याने साधा ग्राहक आणखी बिचकतो. समोर उभ्या असलेल्या माणसाला किंमत विचारायची आणि ती ऐकून 'बरं' म्हणत मागे फिरायचं, हे मध्यमवर्गीय माणसाला फार जड जातं. त्यापेक्षा तो न विचारताच बाहेर पडतो. चित्रकाराला वाटतं, रस नव्हता. वास्तविक त्याला परवडणारं एखादं छोटं चित्र कोपऱ्यात असूही शकतं.

उपाय सोपा आहे. वेळ, पत्ता, पाहुणे हे सगळं सांगून झाल्यावर, अगदी शेवटी एकच वाक्य लिहावं: 'प्रदर्शनातील चित्रे विकत घेता येतील, किमतींची यादी दालनातील टेबलावर ठेवली आहे.' यात आग्रह नाही, सवलतीची हाकाटी नाही, 'थोडीच चित्रं शिल्लक' असा दबावही नाही. यादी टेबलावर असल्यामुळे कोणाला काही विचारावं लागत नाही. प्रत्येक चित्राचा क्रमांक, नाव, माध्यम, आकार आणि किंमत एवढं त्या कागदावर पुरे. विकलेल्या चित्राशेजारी लाल टिकली लागते आणि चित्र मात्र प्रदर्शन संपल्यावरच घरी नेता येतं, हे नवख्या ग्राहकाला ठाऊक नसतं. तेही यादीच्या तळाशी लिहून ठेवावं.

हे वाक्य पहिल्या ओळीत आलं तर निमंत्रणाची जाहिरात होते, कारण मग बोलावणं चित्रं पाहायला नसून खरेदीला आहे असं वाटतं. म्हणून त्याची जागा शेवटचीच, पण जागा हवीच. पुढचं निमंत्रण छापायला देताना चित्रकारांनी पाहुण्यांच्या यादीतलं एक नाव कमी करावं आणि हे वाक्य घालावं.