जागा कोणी खाल्ली?

घरात साखर संपली की संशय सर्वांत आधी जातो तो घरातल्या सगळ्यांत जाड्या माणसावर. तो बिचारा दोन वर्षांपासून बिनसाखरेचा चहा पीत असला तरी! जो आकाराने मोठा तो दोषी, हे आपलं जुनं न्यायशास्त्र आहे. ते किती खरं, हा प्रश्न तत्त्वज्ञांचा. पण तो मला सोडवावा लागला आमच्या वाचनालयाच्या वेबसाइटवर.

ही वेबसाइट एका भाड्याच्या सर्व्हरवर राहते. भाडेकरूला जागा मोजून मिळते, त्याला म्हणायचं कोटा. आमचा कोटा १०१० एमबी. तो पुरता भरला, तेव्हा सभासदांनी वाचनालयाला पाठवलेली पत्रं परत जाऊ लागली आणि नव्या पुस्तकांची यादी चढेना. पडद्यावर एकच वाक्य : `Disk quota exceeded`. कार्यकारिणीची तातडीची सभा भरली.

"फोटो! दुसरं काय असणार?" कार्यवाह म्हणाले. "त्या सुवर्णमहोत्सवाचे फोटो किती चढवलेत बघा. टाका काढून."

आता या फोटोंत आमचे पहिले ग्रंथपाल होते. स्टुलावर बसून, चष्मा कपाळावर चढवून नोंदवहीत लिहिताहेत, असे. ते आज नाहीत. ज्याच्या कॅमेऱ्यात मूळ फोटो होते त्याचा कॅमेराही आज नाही. म्हणजे ही फाशीची शिक्षा होती, आणि तीही पुराव्याशिवाय. मी म्हटलं, "अहो साहेब, आधी खतावणी तर बघू!"

मी बँकेत आहे, त्यामुळे हिशेबाचं कुठलंही काम माझ्याकडे येतं. अशा सर्व्हरवर बहुधा सीपॅनेल नावाचं एक दालन असतं आणि त्यात `Disk Usage` नावाची खिडकी. कुठल्या फोल्डरने किती जागा घेतली हे ती सांगते, आणि आकारानुसार लावायला सांगितलं की मोठे वर, धाकटे खाली, अशी उतरती रांग लावते. आमची रांग अशी लागली : `public_html` म्हणजे वेबसाइटचं घर, ६४० एमबी. `mail`, २८०. `.trash`, ७०. आणि डेटाबेस, २०. बेरीज बरोबर १०१०. बेरीज जुळली की कारकुनाला जी शांती लाभते ती योग्यांनाही हेवा वाटावा अशी असते.

"सापडला! ६४०!" कार्यवाह ओरडले. पण पहिल्या नंबरावरचा हा इसम म्हणजे नुसता बाप होता. बापाच्या नावावर दिसणारा आकडा त्याच्या मुलानातवंडांसकट असतो. बापाचे ६४० आणि मुलाचे ३१० अशी बेरीज करत सुटलात तर कोट्याच्या दुप्पट खर्च निघेल. म्हणून घरात शिरायचं आणि एकेक पायरी खाली उतरायचं. शिरलो. `wp-content` नावाचं पोरगं ३१० एमबीचं. बाकीची दोन, वर्डप्रेसची स्वतःची, मिळून ६०. म्हणजे ३७०. आणि बापाच्या नावावर ६४०!

२७० एमबींचा मेळ बसेना.

इथे पुष्कळ जण खिडकी बंद करून चहाला जातात. पण मेळ न बसणं हाच खरा पुरावा असतो. ही खिडकी फोल्डर मोजून दाखवते. फोल्डरच्या ओसरीवर जी सुटी फाइल पडलेली असते तिचं नाव सांगत नाही. मुलांची बेरीज बापापेक्षा कमी भरली, तर उरलेला ऐवज ओसरीवरच आहे असं समजावं. तो बघायला `File Manager` उघडावा आणि `Size` या मथळ्यावर टिचकी मारावी. फक्त एक सांभाळायचं : या दुसऱ्या खिडकीत फोल्डरचा आकार `4 KB` असा दिसतो. ते फोल्डरच्या पाटीचं वजन, आतल्या मालाचं नव्हे. भलीभली माणसं त्या चार केबीवर विश्वास ठेवून अख्खं गोदाम निर्दोष सोडतात.

टिचकी मारली आणि चोर वर आला. नाव `error_log`. २७० एमबी. फोटो नाही, पुस्तक नाही, निव्वळ तक्रारवही. उघडून पाहिली तर एकच ओळ, पुन्हा पुन्हा :

```
PHP Warning:  Undefined variable $title in header.php on line 42
```

म्हणजे, पान क्रमांक अमुकच्या ४२ व्या ओळीत शीर्षक मागितलंय, पण ते कोणी दिलेलंच नाही. कोणीही आमचं पान उघडलं की ही कुरकुर एकदा लिहिली जाई. तारीखवेळ धरून दीडशे अक्षरांची एक ओळ म्हटली तर सुमारे अठरा लाख वेळा! आमच्या वरच्या मजल्यावरच्या एका गृहस्थांची आठवण झाली. पण त्यांची तक्रार निदान दर वेळी वेगळी असते.

"मग टाका पुसून!" कार्यवाह पुन्हा जल्लादाच्या भूमिकेत. पण तक्रारवही फाडल्याने तक्रार मिटत नाही, हे काउंटरवर बसलेल्या माणसाला कोणी सांगायला नको. नुसती पुसली असती तर दुसऱ्या दिवशी ती पुन्हा बाळसं धरू लागली असती. म्हणून वाचनालयात येणाऱ्या एका कॉलेजच्या मुलाकडून आधी ती ४२ वी ओळ दुरुस्त करवली आणि मग वही काढली. दुसऱ्या दिवशी पाहिलं, नवी वही जन्मली नव्हती. रोग गेला हे असं ओळखायचं. रोगी हडकला यावरून नव्हे.

पण कोटा अजून २७० ने उतरला नव्हता. काढलेली फाइल थेट स्वर्गात जात नाही. `.trash` मध्ये जाऊन बसते आणि तिथली जागाही आपल्याच खात्यावर पडते. टिंबाने सुरू होणारी नावं एरवी लपलेली असतात, म्हणून तो गड्डा कोणाला दिसत नाही. `Empty Trash` केलं तेव्हा जुने ७० आणि नवे २७०, मिळून ३४० एमबी मोकळी झाली.

उरलेल्या ३१० चाही निकाल सांगून टाकतो. त्यात १७० एमबी होती वेबसाइटच्याच दोन जुन्या प्रती. घर जळालं तर उपयोगी पडावी म्हणून जपलेली किल्ली त्याच घरात! त्या वाचनालयाच्या संगणकावर उतरवून घेतल्या, उघडतात का ते पाहिलं, आणि मग सर्व्हरवरून काढल्या. वीस एमबी इतर सटरफटर. आणि फोटो? १२०.

टपालाच्या २८० ला मात्र मी हात लावला नाही. खिडकी मला पत्रांचं वजन सांगते, म्हणून ती वाचायचा किंवा फाडायचा हक्क मिळत नाही. खात्यातली शिल्लक दिसते म्हणून कोणी खातेदाराचे पैसे काढतो काय? ज्याची पेटी त्याला आकडा कळवला.

आकारानुसार लावलेली यादी ही मोठी गुणाची गोष्ट आहे, पण ती आरोपींची रांग आहे, निकालपत्र नव्हे. कोणी किती जागा घेतली हे ती सांगते. ती जागा घ्यायचा कोणाला अधिकार होता, हे आपल्यालाच ठरवावं लागतं. स्टुलावरच्या त्या ग्रंथपालांचा फोटो पुरता दोन एमबीचा आहे. अठरा लाख कुरकुरींच्या मानाने काहीच नाही. हयातीतही त्यांना बसायला फार जागा लागत नसे.